पहाटेच्या फोनआधीचे चार तास

जनसंपर्काच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक प्रकल्प ठरलेला असतो. एखादी संस्था घ्यायची, तिच्याशी कुणाकुणाचे हितसंबंध गुंतले आहेत याचा नकाशा काढायचा आणि त्यावरून संस्थेचा माध्यम आराखडा लिहायचा. कारखाना, बँक, महाविद्यालय, काहीही चालतं. मी वर्गाला रुग्णालयच देतो. एक तर तिथे कुणी हौसेने येत नाही. दुसरं म्हणजे बातमीदाराला जे हवं असतं, नेमकं तेच सांगायला रुग्णालयाला मनाई असते. ही अडचण बँकेला किंवा कारखान्याला इतक्या टोकाला सहसा येत नाही.

आमचं रुग्णालय कागदावरचं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, ट्रस्टने चालवलेलं, दीडशे खाटांचं धर्मादाय रुग्णालय. प्रसूती विभाग, नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष, डायलिसिस, अपघात विभाग. जनसंपर्क अधिकारी एकच, तीही सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. गावात चार मराठी दैनिकांची जिल्हा कार्यालयं, दोन वाहिन्यांचे प्रतिनिधी आणि मोजता येणार नाहीत इतके यूट्यूब चॅनेलवाले.

पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक गट एकच चित्र आणतो. मधल्या वर्तुळात रुग्णालय आणि भोवती सहा चौकोन: रुग्ण, डॉक्टर, कर्मचारी, सरकार, माध्यमं, समाज. रंग छान असतात. मी एवढंच विचारतो, की यातल्या कुणाला रात्री फोन लावता येईल? ‘सरकार’ला फोन लागत नाही. ‘समाज’ही उचलत नाही. नकाशावरच्या प्रत्येक नावामागे एक पद, एक माणूस आणि एक नंबर असायला हवा, नाहीतर तो नकाशा भिंतीवर लावायच्या कामाचा.

मग चौकोन फुटायला लागतात. ‘सरकार’मधून पहिलं बाहेर पडतं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. ट्रस्टच्या रुग्णालयाला दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलांच्या एकूण रकमेतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात, आणि ते पाळलं जातं की नाही हे पाहणारं हे कार्यालय. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सक, अग्निशमन दल, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा जिल्हा समन्वयक आणि ज्याच्या हद्दीत रुग्णालय येतं ते पोलीस ठाणं. ‘कर्मचारी’ म्हणताना विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे परिचारिका असतात. पण फाटकावरचा सुरक्षारक्षक, बिलाच्या खिडकीवरचा कारकून, योजनेच्या टेबलावरचा आरोग्यमित्र आणि रुग्णवाहिकेचा चालक यांच्याशी लोकांचा संबंध डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा येतो. गावातल्या अनुभवी बातमीदाराला पहिली खबर बहुतेकदा यांच्यातल्याच कुणाकडून मिळते, हे वर्गात सांगावं लागतं. अधीक्षकांना ते आधीच माहीत असतं.

आणि ‘नातेवाईक’. एका वर्षी एका विद्यार्थिनीने या चौकोनाचे दोन केले होते. प्रसूती विभागात ते दोनच असतात, असं तिचं म्हणणं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे व्हरांड्यात बसलेले असतात ते मुलीचे आईवडील आणि भाऊ. नवरा, सासू-सासरे दुसऱ्या गावी. काही विपरीत घडलं तर माहेरचे समोर असतात, सासरचे सकाळी गाडी करून येतात आणि दोघांच्या कानावर वेगवेगळ्या गोष्टी पडलेल्या असतात. मला तरी ही नोंद कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही. तिला पूर्ण गुण दिले.

नावं जमली की ती मांडायची कशी, हा पुढचा भाग. सगळीकडे शिकवली जाते ती मेंडेलो यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकट. आडव्या रेषेवर रस, उभ्या रेषेवर ताकद. ताकद आणि रस दोन्ही असलेल्यांना जवळून सांभाळायचं, ताकद आहे पण रस नाही त्यांना खूश ठेवायचं, रस आहे पण ताकद नाही त्यांना माहिती देत राहायचं, दोन्ही नसलेल्यांवर नजर ठेवायची. विद्यार्थी पाच मिनिटांत नावं टाकतात. विश्वस्त आणि धर्मादाय आयुक्त वर उजवीकडे. आमदार, नगरसेवक वर डावीकडे. ‘दिवाळीला भेट पाठवणे’ अशी कृतीही कुणीतरी प्रामाणिकपणे लिहितं. नातेवाईक खाली उजवीकडे, म्हणजे रस भरपूर आणि ताकद शून्य. त्यांच्यापुढे लिहिलेलं असतं ‘माहितीपत्रक’.

या चौकटीचा दोष असा, की ती फोटोसारखी एका क्षणाची असते. रुग्णालयात ताकद एका रात्रीत हात बदलते. ते दाखवायला १९९७ साली मिचेल, अ‍ॅगल आणि वुड या तीन अभ्यासकांनी मांडलेली पद्धत जास्त उपयोगी पडते. ते तीन गोष्टी विचारतात. या माणसाकडे ताकद आहे का? त्याचं म्हणणं न्याय्य आहे का? आणि त्याला उत्तर आत्ताच हवं आहे का? नातेवाइकाकडे शेवटच्या दोन गोष्टी पुरेपूर असतात. पहिली नसते. अशा माणसाला त्यांनी ‘अवलंबून’ असं म्हटलं आहे, कारण त्याला ताकद दुसऱ्याकडून घ्यावी लागते. ज्या घटकेला ती मिळते त्या घटकेला तिन्ही गोष्टी एका हातात येतात आणि संस्थेला दुसरं काही सुचत नाही. माझ्या मते रुग्णालयाच्या माध्यम आराखड्याचं निम्मं काम या एका वाक्यात आहे: नातेवाईक ताकद उसनी आणायला निघण्याआधी काय होतं?

म्हणून वर्गात आम्ही एक रात्र चालवून पाहतो. रात्री पावणेबाराला प्रसूती होते. बाळ सुखरूप. आईचा रक्तस्राव थांबत नाही. भावाला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या रक्तपेढीत पिटाळलेलं आहे. दोन वाजून दहा मिनिटांनी ती दगावते.

आराखडा नसलेल्या रुग्णालयात पुढचे चार तास असे जातात. निवासी डॉक्टर व्हरांड्यात येऊन उभ्याउभ्या सांगतो आणि आत जातो, कारण आत दुसरी रुग्ण आहे. रक्ताच्या पिशव्या घेऊन भाऊ परततो, त्याला वडिलांच्या चेहऱ्यावरून कळतं. अडीचला सुरक्षारक्षक सवयीने लोखंडी जाळीचं दार ओढून घेतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, पण बाहेरच्यांना वाटतं की आपल्यालाच रोखलं. तीनच्या सुमारास बिलाच्या खिडकीवरून अंतिम बिलाचा कागद बाहेर येतो, कारण संगणकात रुग्णाच्या नावापुढे ‘मृत’ पडलं की तो आपोआप निघतो. सव्वातीनला गावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश पडतो, त्यात बिलाचा फोटो. साडेचारला माजी नगरसेवक हजर. सहाला बातमीदाराचा फोन जनसंपर्क अधिकाऱ्याला उठवतो आणि तिला ही घटना बातमीदाराकडून कळते. साडेआठला सासरची गाडी फाटकात आणि वाहिन्यांचे बूम अधीक्षकांच्या तोंडासमोर. अधीक्षक म्हणतात, ‘आमच्याकडून कोणताही हलगर्जीपणा झालेला नाही.’

या वाक्याला सगळे हसतात. पण त्यात चूक काय, ते सांगायला वेळ लागतो. चूक उर्मटपणाची नाही. सहा तासांत कुणी काही तपासलेलंच नाही, म्हणजे हे विधान करायला अधीक्षकांकडे आधार नाही. उद्या तपासणीत काही निघालं तर आजचं वाक्य त्यांच्या गळ्यात अडकेल, आणि काही निघालं नाही तरी कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता तीच रात्र आराखड्यासह. दोन दहानंतर वरिष्ठ डॉक्टर आणि एक परिचारिका माहेरच्यांना खोलीत बसवून सांगतात; त्या खोलीचा नंबर आराखड्यात लिहिलेला आहे. काय झालं, काय केलं आणि काय अजून कळलेलं नाही, हे तीन भाग. शवविच्छेदन का करायचं ते तिथेच समजावतात. उपचारांचे कागद मागितले तर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यायचे असतात, हे मागायची वाट न पाहता सांगून टाकतात. त्याच खोलीतून नवऱ्याला फोन जातो आणि डॉक्टर स्वतः त्याच्याशी बोलतात, म्हणजे दोन्ही घरांना एकच हकीकत कळते. बिलाच्या खिडकीला सूचना असते की मृत्यू झाला तर अधीक्षकांनी सांगितल्याशिवाय कागद काढायचा नाही. थकबाकीसाठी मृतदेह अडवता येत नाही, हे रुग्णहक्कांच्या सनदेत आहेच. पण भांडण बहुतेकदा मृतदेह अडवल्यावर नाही, बिलाचा कागद पुढे सरकवण्याच्या वेळेवरून पेटतं. रक्षकाला दार उघडं ठेवायला सांगितलेलं असतं. समाजसेवा अधीक्षक रात्री फोनवर असतात. तीनपर्यंत अधीक्षक आणि जनसंपर्क अधिकारी जागे, पोलिसांना खबर गेलेली. प्रत्येक मातामृत्यूचं परीक्षण व्हावं लागतं, त्याची माहिती जिल्ह्याच्या यंत्रणेला कळवायची तयारीही सुरू. आणि सकाळच्या पाळीचे कर्मचारी फाटकातून आत येण्याआधी त्यांच्या फोनवर चार ओळी पोचलेल्या, कारण फाटकावर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार.

सहाचा फोन येतोच. तेव्हा हातात निवेदन असतं. वर्गात अनेकदा खोडून तयार झालेला मजकूर असा:

‘आज पहाटे आमच्या रुग्णालयात प्रसूतीनंतर एका महिलेचा मृत्यू झाला. बाळाची प्रकृती स्थिर आहे. वरिष्ठ डॉक्टर दोन्हीकडच्या कुटुंबीयांशी बोलले आहेत. मृत्यूचं कारण शवविच्छेदनाच्या अहवालानंतर स्पष्ट होईल. रुग्णालयातल्या उपचारांचीही तपासणी सुरू केली आहे. उपचारांचा तपशील कुटुंबाच्या संमतीशिवाय आम्ही जाहीर करणार नाही. पुढील माहिती वैद्यकीय अधीक्षक दुपारी चार वाजता देतील.’

यात नाव नाही, वय नाही, गाव नाही. वैद्यकीय परिषदेचे तेच नियम डॉक्टरला रुग्णाची गुपितं फोडायला मनाई करतात. न्यायालयाचा आदेश, कुणाला गंभीर धोका किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार, एवढेच अपवाद. स्वतःवर आरोप होतोय हा अपवाद नाही. हे सर्वांत अवघड जातं. नातेवाईक कॅमेऱ्यासमोर काहीही सांगू शकतात आणि रुग्णालयाच्या कपाटात त्याला खोडणारा कागद असला तरी तो काढता येत नाही. ‘तिला आधीपासूनच अमुक आजार होता’ हे वाक्य बाहेर पडलं की चर्चा मृत्यूवरून गुप्तताभंगावर जाते, आणि मग रुग्णालय दोन आघाड्यांवर हरतं. कागद द्यायचा तो चौकशी समितीला, पोलिसांना, न्यायालयाला. निवेदनात चारची वेळ दिलेली आहे, तीही पाळायची असते. चारला नवीन सांगण्यासारखं काही नसेल तर ‘नवीन काही नाही, पुढची वेळ उद्या अकरा’ असं सांगायला तरी अधीक्षकांनी बाहेर यायचं. अर्धे आराखडे या ठिकाणी मोडतात, कारण चारला अधीक्षक शस्त्रक्रियेत असतात आणि पर्यायी प्रवक्त्याच्या रकान्यात कुणाचं नावच नसतं.

घाईने दिलेलं कारण काय करतं, याचं मला पटलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २५ सप्टेंबर २०१४ च्या रात्री डॅलसच्या टेक्सास हेल्थ प्रेस्बिटेरियन रुग्णालयात तापाने फणफणलेला एक रुग्ण आला. आपण आफ्रिकेतून आल्याचं त्याने परिचारिकेला सांगितलं होतं. त्याला प्रतिजैविकं देऊन घरी पाठवलं. २८ तारखेला तो रुग्णवाहिकेतून परत आला आणि ३० ला त्याला इबोला असल्याचं निश्चित झालं. प्रवासाची माहिती डॉक्टरपर्यंत का पोचली नाही, हा प्रश्न सगळा देश विचारत होता. २ ऑक्टोबरला रुग्णालयाने उत्तर दिलं: संगणकीय नोंदप्रणालीत दोष होता, परिचारिकेने भरलेली माहिती डॉक्टरच्या पडद्यावर दिसत नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुलासा केला, की प्रणालीत दोष नव्हता, माहिती डॉक्टरला दिसत होती. ८ तारखेला रुग्ण दगावला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना संसर्ग झाला. दोघी बऱ्या झाल्या.

इथवर हे चुकलेल्या निवेदनाचं उदाहरण आहे. नकाशाचा धडा पुढे आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर परिचारिकांच्या एका राष्ट्रीय संघटनेने त्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या वतीने, नावं न सांगता, एक निवेदन वाचून दाखवलं. संरक्षक पोशाख पुरेसे नव्हते, ठरलेली कार्यपद्धती नव्हती, असे आरोप त्यात होते. रुग्णालयाने ते नाकारले. खरंखोटं बाजूला ठेवलं तरी एक दिसतं: परिचारिकांकडे न्याय्य म्हणणं होतं, घाई होती, ताकद नव्हती, ती त्यांनी संघटनेकडून घेतली. मेंडेलोच्या चौकटीत त्या आतल्या कर्मचारी म्हणून कुठेतरी सुखाने बसल्या असत्या. १९ ऑक्टोबरला रुग्णालयाने स्थानिक वृत्तपत्रांत पानभर माफीपत्र छापलं.

मात्र विद्यार्थ्यांना एक खबरदारी द्यावी लागते, नाहीतर ते यातून भलतंच शिकतात. आमच्या कागदावरच्या रात्री रक्ताचा साठा रुग्णालयातच हवा होता आणि तो नव्हता असं निघालं, तर बोलण्याची कितीही चांगली पद्धत ते झाकू शकत नाही, आणि तिने झाकूही नये. म्हणून मी प्रकल्पात एक अट घालतो: मृत्यूंच्या मासिक परीक्षण बैठकीत जनसंपर्क अधिकाऱ्याला खुर्ची हवी. जिला आतलं माहीत नाही ती बाहेर काय सांगणार?

या बैठकीतूनच आराखड्याचा रोजचा भाग निघतो. तो कंटाळवाणा असतो आणि बहुतेक गट तो उरकतात. ‘जागतिक आरोग्य दिनी पत्रकार परिषद’ असं लिहून मोकळे होतात. खरं काम म्हणजे गावातल्या बातमीदारांची यादी: आरोग्य कोण पाहतो, गुन्हे कोण पाहतो, कुणाचं जिल्ह्याचं पान किती वाजता सुटतं. रुग्णालयाच्या वाईट बातम्या बऱ्याचदा गुन्हेवाल्याच्या हातून जातात, कारण त्याला त्या पोलीस ठाण्यात सापडतात. आणि नेमकी त्याच्याशी जनसंपर्क अधिकाऱ्याची ओळख नसते. संध्याकाळी सातला पाठवलेली प्रेस नोट उद्याच्या पानात जाणं कठीण. डॉक्टरांना पावसाळ्यात डेंग्यूवर लिहायला, बोलायला लावणं योग्य, पण त्याची जाहिरात होता कामा नये. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने बोलायला नियम मोकळीक देतात, रुग्ण ओढण्याला देत नाहीत.

आणि आकडे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली, त्यात १२ नवजात बालकं होती. औषधांच्या तुटवड्याचे आरोप झाले, प्रशासनाने ते फेटाळले. रुग्ण लांबून, उशिरा, गंभीर अवस्थेत येतात असं सांगितलं गेलं. मग खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावल्याची चित्रफीत फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. चौकशीचा विषय माझा नाही. जनसंपर्काच्या बाजूने मला एवढंच दिसतं: मोठ्या रुग्णालयात रोज सरासरी किती मृत्यू होतात, त्यातले किती दुसरीकडून पाठवलेले, किती जण पोचल्यावर काही तासांतच गेले, हे आकडे एरवी कधी समोर आलेले नसतील, तर त्या रात्री सांगितलेला प्रत्येक आकडा सबब वाटतो, खरा असला तरी. आमच्या कागदावरच्या रुग्णालयाला मी म्हणूनच दर तिमाहीला प्रसूती, मृत्यू, बाहेरून आलेले गंभीर रुग्ण आणि भरलेल्या धर्मादाय खाटा एका पानावर छापून प्रवेशद्वाराशी लावायला आणि बातमीदारांना पाठवायला सांगतो. विश्वस्तांची भूमिका करणारे विद्यार्थी याला कडाडून विरोध करतात. वाईट तिमाही आली की काय करायचं, असं विचारतात. तेव्हाही लावायचं. वाईट तिमाहीत पान गायब झालं, तर मागची सगळी पानं वाया जातात.

शेवटचा रकाना मूल्यमापनाचा. इथे अजूनही कात्रणांची फाइल येते, किती सेंटीमीटर जागा मिळाली आणि तेवढ्या जाहिरातीला किती पैसे पडले असते याच्या हिशेबासह. ही पद्धत जनसंपर्क मोजणाऱ्यांच्या संघटनांनी २०१० साली बार्सिलोनाला भरलेल्या परिषदेतच मोडीत काढली. आपल्याकडे कार्यालयांतून ती मजेत नांदते. मी दुसरं विचारतो. बातमी छापण्याआधी किती बातमीदारांनी रुग्णालयाची बाजू विचारायला फोन केला? त्यांना उत्तर किती वेळात मिळालं? छापलेल्या किती बातम्यांत रुग्णालयाने दिलेली माहिती पुढे चुकीची ठरली? नातेवाइकांच्या तक्रारींपैकी किती आधी तक्रार खिडकीवर आल्या आणि किती थेट नगरसेवकाकडे गेल्या? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रुग्णालयाच्या कुठल्याच वहीत नसतं. नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन विचारावं लागतं. गेल्या खेपेला एका गटाने गावातल्या एका खऱ्या नगरसेवकाकडे जाऊन विचारलं. त्यांनी वही काढून दाखवली. निम्म्याहून जास्त नोंदी उपचारांबद्दल नव्हत्याच. ‘आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही’ एवढंच गाऱ्हाणं होतं.